रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी रुग्ण पुन्हा येतो

गालावरचे डाग दाखवायला एक तरुणी येते. तपासणाऱ्या डॉक्टरांना हातभर अंतरावरून ते डाग शोधावे लागतात. दुसऱ्या दिवशी छातीत धडधड होते म्हणून एक गृहस्थ येतात आणि मागच्या वर्षभरातले चार ईसीजी टेबलावर मांडतात, जे चारही व्यवस्थित आहेत. दोघांनाही बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: ‘तुम्हाला काही झालेले नाही, काळजी करू नका.’ दोघेही थोडे हलके होऊन जातात आणि काही दिवसांनी त्याच तक्रारीसाठी, बहुधा दुसऱ्याच डॉक्टरांकडे, पुन्हा उभे राहतात.

पहिल्या तरुणीला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असण्याची शक्यता आहे. या विकारात स्वतःच्या दिसण्यातला एखादा दोष, जो इतरांना दिसत नाही किंवा अगदी किरकोळ वाटतो, माणसाच्या डोक्यातून जात नाही. त्वचा, केस आणि नाक यांविषयीच्या तक्रारी सर्वाधिक आढळतात. काही तरुण पुरुषांना आपले शरीर पिळदार असूनही किरकोळ वाटते, तोही याच विकाराचा प्रकार आहे. दुसऱ्या गृहस्थांना हेल्थ अँग्झायटी असू शकते, म्हणजे आपल्याला गंभीर आजार आहे किंवा होणार आहे ही भीती महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही आणि शरीरातल्या साध्या हालचालीही त्या आजाराच्या खुणा वाटू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणाने, जे 2022 पासून लागू झाले, या दोन्ही विकारांना ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या, गटात एकत्र ठेवले आहे. सर्वसाधारण डॉक्टरांच्या दृष्टीने ही जागा महत्त्वाची आहे, कारण दिलासा दिल्याने हे रुग्ण बरे का होत नाहीत याचे उत्तर तिच्यात आहे.

ओसीडीमध्ये कुलूप नीट लावले आहे ना, अशी शंका आलेला माणूस परत जाऊन कुलूप ओढून पाहतो आणि त्याला क्षणभर बरे वाटते. त्या बरे वाटण्यातूनच मेंदू शिकतो की शंका आली की तपासायचे. पुढची शंका त्यामुळे लवकर येते. इथे आरशात पाहणे, घरच्यांना ‘डाग दिसतोय का’ असे विचारणे, नाडी मोजणे, गाठ चाचपणे, इंटरनेटवर लक्षणे शोधणे आणि डॉक्टरांकडून ‘काही नाही’ हे ऐकणे, ही सगळी त्या कुलूप ओढण्याचीच रूपे आहेत. डॉक्टरांचा दिलासा प्रामाणिक असतो, पण तो या चक्रात एक तपासणी म्हणून जमा होतो. गंभीर आजाराची शक्यता मुळातच कमी असताना केलेल्या चाचण्यांनी रुग्णांची चिंता किती कमी होते, याचा 14 चाचणी-अभ्यासांवर आधारलेला आढावा 2013 साली प्रसिद्ध झाला. अशा चाचण्यांनी आजाराची काळजी किंवा लक्षणे फारशी कमी होत नाहीत, असाच त्याचा निष्कर्ष होता.

बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर प्रौढ लोकसंख्येत सुमारे 2 टक्के लोकांना असतो आणि त्वचारोग व सौंदर्यशस्त्रक्रियेच्या दवाखान्यांत त्याचे प्रमाण याच्या कित्येक पट असते. सुरुवात बहुतेकांची पौगंडावस्थेत होते. तरीही निदान व्हायला अनेक वर्षे लागतात. त्याचे मुख्य कारण असे की रुग्ण आपणहून सांगत नाही. आपण दिखाऊ, पोकळ ठरू या भीतीने तो फक्त डागाविषयी बोलतो. त्या डागापायी दिवसाचे किती तास जातात, कॉलेज का सुटले, रात्री झोप का लागत नाही, हे तो विचारल्याशिवाय बोलत नाही. विचारण्याची जबाबदारी म्हणूनच डॉक्टरांवर येते.

वर उल्लेखलेल्या तरुणीचे उदाहरण थोडे सविस्तर पाहू. हे उदाहरण रचलेले आहे, पण त्यातला प्रत्येक तपशील अशा रुग्णांत नेहमी आढळणारा आहे. तिचे वय 22 आहे आणि सोबत मोठी बहीण आली आहे. तिने केस उजव्या गालावर ओढून घेतले आहेत आणि खुर्चीत ती अशी बसली आहे की खिडकीचा उजेड त्या गालावर पडू नये. मुरुमांचे डाग घालवण्यासाठी तिने वर्षभरात दोन ठिकाणी लेझर करून घेतले आहे आणि दोन्ही वेळा ‘उलट जास्त झाले’ असे तिचे म्हणणे आहे. आता तिला आणखी जोरदार उपचार हवा आहे. जवळून पाहिले तर दोन फिकट डाग आहेत आणि त्यांच्या शेजारी नखाने खरवडल्याच्या ताज्या खुणा आहेत.

या खुणांकडे थोडे थांबून पाहायला हवे. या विकारातले बरेच रुग्ण त्वचा गुळगुळीत करण्याच्या प्रयत्नात ती सतत खुडतात आणि त्यातून खरोखरच जखमा होतात. डॉक्टर जखम पाहून मलम देतात, पण खुडणे थांबत नाही आणि मलम कुचकामी ठरल्याची नोंद रुग्णाच्या मनात होते. दिसणारा दोष अगदी खरा असला तरी विकाराची शक्यता त्याने संपत नाही. दोषाच्या मानाने त्रास किती मोठा आहे आणि आयुष्याचा किती भाग त्याने व्यापला आहे, यावर निर्णय ठरतो. याउलट, चेहऱ्यावर भरपूर मुरूम असलेली आणि त्यामुळे खट्टू झालेली मुलगी मुरुमांच्या उपचाराने सावरत असेल, तर तिला या विकाराचे नाव देणे चुकीचे होईल.

बहिणीला थोडा वेळ बाहेर बसायला सांगून डॉक्टर म्हणतात, “या डागांचा तुम्हाला बराच त्रास होतोय हे कळतंय. त्वचा मी पाहिली. आता मला त्रासाविषयी विचारायचंय. याचा विचार दिवसातून साधारण किती वेळ मनात असतो?” ती आधी “असतोच” एवढेच म्हणते. डॉक्टर थांबतात आणि विचारतात, “एक तास? की त्याहून जास्त?” मग ती सांगते की दिवसातले चार-पाच तास यात जातात: सकाळी आरशासमोरच दोन तास जातात, बसमध्ये ती प्रत्येक मुलीची त्वचा न्याहाळते, आणि रात्री मोबाइलचा दिवा लावून पुन्हा गाल तपासते. गेल्या दोन महिन्यांत ती कॉलेजात जेमतेम काही दिवस गेली आहे.

ब्रिटनमधील नाइस या संस्थेने 2005 सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जे प्रश्न सुचवले, त्यांचा गाभा हाच आहे: दिसण्याची फार काळजी वाटते का आणि ती कमी व्हावी असे वाटते का, नेमकी कशाची काळजी वाटते, दिवसात किती तास ती मनात असते, आयुष्यावर तिचा काय परिणाम झाला आहे, आणि काम किंवा माणसांत मिसळणे तिच्यामुळे अवघड झाले आहे का. दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ जात असेल तर लक्ष द्यावे. प्रत्यक्षात अनेक रुग्णांचे तीन ते आठ तास यात जातात. या प्रश्नांना पाच मिनिटे लागतात. त्यांत कुठेही रुग्णाला ‘तुझा दोष खरा की खोटा’ या वादात ओढलेले नाही, आणि माझ्या मते त्यांची खरी ताकद तिथेच आहे.

तो वाद टाळणे अत्यावश्यक आहे. या विकारातल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांना आपला दोष खरा असल्याची पूर्ण खात्री असते. ‘मला तर काहीच दिसत नाही’ असे डॉक्टर म्हणाले की रुग्णाच्या दृष्टीने दोनच शक्यता उरतात: एकतर हे नीट पाहत नाहीत किंवा ते माझे मन राखायला खोटे बोलत आहेत. ‘हो, थोडे आहे खरे’ असे म्हटले तर तेच वाक्य पुढची अनेक वर्षे पुरावा म्हणून लक्षात राहते. म्हणून डागाविषयी जे दिसले ते एकदाच, मोजक्या शब्दांत सांगावे आणि बोलणे त्रासाकडे वळवावे. त्रास किती आहे याबाबत डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात मतभेद नसतो, आणि पुढचे सगळे संभाषण त्याच जमिनीवर उभे करता येते.

आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा. “कधी इतकं नकोसं होतं का, की जगणंच नको वाटतं?” या विकारातल्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो. हेल्थ अँग्झायटीतही धोका कमी नाही. स्वीडनमध्ये या विकाराच्या चार हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्यांच्यात आत्महत्येने मृत्यू होण्याचे प्रमाण तुलनेच्या गटाच्या सुमारे चौपट आढळले. ‘हा तर उगाच घाबरतो’ असे म्हणून सोडून दिलेल्या रुग्णांविषयीची ही माहिती आहे, हे ध्यानात ठेवावे. हा प्रश्न विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही. उत्तर ‘हो’ आले, काही योजना किंवा तयारी आहे असे कळले, तर नेहमीची चिठ्ठी देऊन घरी पाठवता येत नाही; त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे, रुग्णाला एकटे सोडू नये आणि तिच्या संमतीने घरच्यांना सामील करून घ्यावे.

आमच्या उदाहरणातली तरुणी म्हणते की कधीकधी सकाळी उठूच नये असे वाटते, पण जीव देण्याचा विचार केलेला नाही. आता डॉक्टर रेफर करण्याचा विषय काढतात, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. ‘हा मानसिक आजार आहे, तुम्ही मानसोपचारतज्ज्ञांना भेटा’ हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे नाही, पण रुग्णाला ते ‘तुझे डाग खोटे आहेत’ असे ऐकू येते आणि ती तिथे जात नाही. त्याऐवजी डॉक्टर तिच्याच शब्दांना धरून बोलतात:

“तुम्ही सांगितलंत की दिवसातले चार-पाच तास यात जातात आणि कॉलेज सुटलं. असा त्रास अनेकांना होतो, त्याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, आणि त्यावर उपचार आहेत. ते उपचार माझ्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञांना नीट येतात. त्वचेचं मी पाहतोच आहे, ते सोडत नाही. पण हे विचार कमी झाले तर खुडणंही कमी होईल आणि त्वचेला भरून यायला वेळ मिळेल. लेझर मात्र सध्या करू नये असं माझं मत आहे.”

ती विचारते, “म्हणजे मी वेडी आहे का?” डॉक्टर म्हणतात, “नाही. हे डोक्यातलं एक चक्र आहे जे तुम्हाला थांबवता येत नाहीये. त्याची नेमकी माहिती असलेल्या डॉक्टरांकडे मी तुम्हाला पाठवतोय. दोन आठवड्यांनी तुम्ही मला पुन्हा भेटायचं आहे, तिथं गेलात तरी आणि नाही गेलात तरी.”

‘नाही गेलात तरी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुढची तारीख रेफरलला बांधली की रुग्णाला आपल्याला कटवल्यासारखे वाटते. लेझरला स्पष्ट नकार देणे हीसुद्धा उपचाराचीच पायरी आहे. या विकारात सौंदर्योपचारांनी मूळ त्रास क्वचितच कमी होतो. बऱ्याचदा असमाधान वाढते किंवा लक्ष दुसऱ्या अवयवावर जाऊन बसते. रुग्णाच्या आग्रहाला कंटाळून सौंदर्यतज्ज्ञांची चिठ्ठी लिहून दिली तर सगळे चक्र एक पायरी पुढे सरकते.

हेल्थ अँग्झायटीच्या रुग्णाला ओळखण्याचे मार्ग बरेच सारखे आहेत. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली भीती, नॉर्मल रिपोर्टनंतर एक-दोन आठवड्यांतच उसळणारी नवी शंका, अनेक डॉक्टर, जाडजूड फाइल. पण याच विकाराची दुसरी बाजू अशी की काही रुग्ण भीतीपोटी डॉक्टरांकडे फिरकतच नाहीत, सांगितलेली रक्ततपासणी वर्षभर टाळतात, कुणाच्या आजाराची बातमी ऐकली की खोलीबाहेर जातात. घरच्यांनी ओढून आणलेल्या अशा रुग्णाला ‘बेफिकीर’ समजण्याची चूक सहज होते.

इथे डॉक्टरांपुढची अडचण वेगळी आहे, कारण घाबरणाऱ्या माणसालाही खरा आजार होऊ शकतो, आणि खरा हृदयविकार असलेल्यालाही त्याच्या मानाने कितीतरी जास्त भीती असू शकते. म्हणून तपासणी टाळायची नाही. ती एकदा, नीट आणि आधी ठरवून करायची. धडधडीच्या रुग्णाला चाचणीपूर्वीच सांगावे: “तपासून मला हृदयाचा आजार असेल असं वाटत नाही. ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी करू. दोन्ही ठीक आले तर आपण पुढे चाचण्या करणार नाही, धडधड का होते आणि भीती का जात नाही याकडे वळू.” चाचणीनंतर हेच सांगितले तर ते हात झटकल्यासारखे वाटते, आधी सांगितले तर तो एक करार असतो. त्यानंतर भेटी लक्षणांवर न ठेवता तारखेवर ठेवाव्यात, उदाहरणार्थ दर चार ते सहा आठवड्यांनी, आणि शक्यतो एकाच डॉक्टरांकडे. त्रास झाला तरच भेट मिळते असे असेल तर त्रास होत राहतो. मात्र वजन घटणे, चक्कर येऊन पडणे, श्रमाने छातीत दुखणे असे खरोखर नवे आणि वेगळे चिन्ह दिसले तर करार बाजूला ठेवून तपासावे.

रेफर करताना या रुग्णाला लक्षणाचे कारण द्यावे लागते. भीतीने हृदयाचे ठोके वाढतात, ठोक्यांकडे लक्ष गेले की ते अधिक जाणवतात, जाणवले की भीती वाढते, हे कागदावर गोल काढून दाखवले तर बहुतेकांना पटते. धडधड खरी आहे हे त्यातून मान्य होते. ब्रिटनमध्ये रुग्णालयांतल्या बाह्यरुग्ण विभागांतून निवडलेल्या 444 रुग्णांवरच्या एका चाचणी-अभ्यासात, जो 2014 मध्ये छापून आला, पाच ते दहा बैठकांच्या सीबीटीने, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याच्या संवाद-उपचाराने, हेल्थ अँग्झायटी नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक कमी झाली. त्या बैठका घेणाऱ्यांत या कामाचे प्रशिक्षण दिलेल्या परिचारिकाही होत्या. बैठकांची संख्या सांगितली की रुग्णाला अंदाज येतो की हे वर्षानुवर्षे चालणारे काम नाही.

बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरमध्येही सीबीटी वापरतात, पण ती या विकारासाठी घडवलेली असते: आरसा तपासण्याची सवय हळूहळू सोडवणे, टाळलेल्या ठिकाणी केस मागे घेऊन जायला शिकवणे आणि येणारी अस्वस्थता तपासणी न करता ओसरू देणे. जोडीला एसएसआरआय गटातली, म्हणजे नैराश्यातही वापरली जाणारी, औषधे देतात. डोस बहुधा नैराश्यापेक्षा अधिक लागतो आणि परिणाम जोखण्यासाठी पुरेशा डोसवर साधारण बारा आठवडे थांबावे लागते. तीन आठवड्यांत ‘गुण नाही’ म्हणून औषध बंद करणे ही नेहमीची चूक आहे. तज्ज्ञांची वेळ मिळायला उशीर होणार असेल आणि सर्वसाधारण डॉक्टरांना या औषधांचा अनुभव असेल, तर ती त्यांनाच सुरू करता येतात. तरुण रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, यावर मात्र जवळून लक्ष ठेवावे.

चिठ्ठीविषयी थोडे. ‘अँग्झायटी, कृपया पाहावे’ एवढ्या तीन शब्दांनी रुग्णाला आपली सगळी कहाणी अनोळखी माणसासमोर पहिल्यापासून सांगावी लागते, आणि लाजेपोटी ती पुन्हा डागांपाशीच थांबते. चिठ्ठीत रुग्णाची स्वतःची तक्रार तिच्या शब्दांत, रोज जाणारे तास, सुटलेल्या गोष्टी, झालेले उपचार आणि चाचण्या, आत्महत्येविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आणि त्वचेची किंवा हृदयाची तपासणी कोण पुढे पाहणार आहे, हे लिहावे. चिठ्ठी रुग्णाला वाचून दाखवावी. त्यातला एखादा शब्द तिला खटकला तर तो तिथेच बदलावा. बहीण आत आल्यावर, तरुणीच्या परवानगीने, तिला एकच गोष्ट सांगावी: गाल दाखवून ‘डाग दिसतोय का’ असे विचारले तर ‘नाही’ किंवा ‘थोडासा’ असे उत्तर देण्याऐवजी, ‘आत्ता खूप त्रास होतोय ना, चल, बाहेर जाऊन येऊ’ असे म्हणावे. घरच्यांना हे सांगितले नाही तर दवाखान्यात थांबवलेले दिलाशाचे चक्र घरी चालूच राहते.

पहिल्या वेळी नकार मिळणे अगदी सामान्य आहे. तरुणी दोन आठवड्यांनी आली आणि चिठ्ठी पर्समध्येच राहिल्याचे तिने सांगितले, तर तिला त्याबद्दल बोलून दाखवण्याची गरज नाही. त्वचा पाहावी, खुडणे कमी-जास्त झाले का ते विचारावे, आत्महत्येविषयीचा प्रश्न पुन्हा विचारावा, आणि मग, ‘या दोन आठवड्यांत दिवसाला किती वेळ गेला?’ हा पहिल्या भेटीतला प्रश्न तसाच विचारावा. तास कमी झालेले नसतील तर तीच चिठ्ठी पुन्हा पुढे ठेवावी आणि तिच्यासमोरच तज्ज्ञांकडे फोन करून वेळ ठरवावी.